आई किंवा वडिलांच्या निधनानंतरचे शेवटचे प्राप्तिकर विवरणपत्र आणि अडकलेला परतावा
ठाणे व नवी मुंबई येथील आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

वडिलांचा मोबाइल घरात चालू असतो, प्राप्तिकर पोर्टलचा पासवर्ड त्यांच्या वहीत लिहिलेला असतो आणि ओटीपीही त्याच मोबाइलवर येतो. त्यामुळे वडील गेल्यानंतर त्यांच्याच खात्यात प्रवेश करून विवरणपत्र भरावे आणि त्यांच्याच नावाने त्याची पडताळणी करावी, असे अनेक कुटुंबांना सोपे वाटते. आमची आग्रहाची विनंती आहे की असे करू नये. मृत व्यक्ती आपल्या विवरणपत्राची पडताळणी करू शकत नाही. ते विवरणपत्र प्राप्तिकर कायदा, १९६१ च्या कलम १५९ नुसार कायदेशीर वारसाने प्रतिनिधी म्हणून भरायचे असते. चुकीच्या वाटेने भरलेले विवरणपत्र पुढे अवैध ठरू शकते, आणि परताव्याची रक्कम प्रत्यक्ष मिळवताना तर हा घोळ हमखास समोर येतो. याच कलमाने वारसाला एक संरक्षणही दिले आहे: मृताच्या कराची वारसाची जबाबदारी त्याच्या वाट्याला आलेल्या मालमत्तेपुरतीच असते, स्वतःच्या कमाईतून तो कर भरण्याची सक्ती त्याच्यावर नसते.

वारस म्हणून नोंदणी

वारसाने पोर्टलवर स्वतःच्या पॅनने प्रवेश करून `Authorised Partners` या सदरातील `Register as Representative Assessee` येथे नवी विनंती नोंदवावी आणि प्रकार म्हणून मृत व्यक्तीचा कायदेशीर वारस हा पर्याय निवडावा. सोबत मृताचे पॅन कार्ड, महानगरपालिकेचा मृत्यू दाखला आणि वारस असल्याचा पुरावा जोडावा लागतो. विनंती मान्य झाल्याचे किंवा नाकारल्याचे ईमेलने कळते. त्याला साधारण एक आठवडा लागतो.

वारसाचा पुरावा म्हटला की बहुतेक जण न्यायालयाच्या वारस प्रमाणपत्राचा विचार करतात आणि ठाण्याच्या न्यायालयात अर्ज करून काही महिने थांबण्याची तयारी ठेवतात. पोर्टलवरील नोंदणीसाठी मात्र दर वेळी त्याची गरज नसते. नोंदणीकृत मृत्युपत्र, सरकारने दिलेले कुटुंब निवृत्तिवेतनाचे प्रमाणपत्र, महसूल अधिकाऱ्यांनी दिलेला हयात कुटुंबीयांचा दाखला, किंवा बँकेने आपल्या लेटरहेडवर सही-शिक्क्यानिशी दिलेले पत्र, यांपैकी एकही पुरते. बँकेच्या पत्रात मृत्यूच्या वेळी त्या खात्याचे नॉमिनी किंवा सहखातेदार कोण होते, हे नावानिशी लिहिलेले असावे. ‘खातेदाराचे निधन झाले आहे’ एवढ्या एका वाक्याचे पत्र चालत नाही. शाखेत पत्र मागताना हा मजकूर लिहून नेल्यास दुसरी खेप वाचते.

विनंती नाकारली जाण्याचे आमच्या कामात सर्वांत जास्त वेळा दिसणारे कारण म्हणजे नावातील फरक. मृत्यू दाखल्यावर पूर्ण नाव असते आणि पॅनवर केवळ आद्याक्षरे, किंवा आडनावाचे इंग्रजी स्पेलिंग दोन ठिकाणी वेगवेगळे असते. त्यामुळे दाखल्याची प्रत हातात पडताच ती पॅन कार्डाशेजारी ठेवून अक्षर अन् अक्षर ताडून पाहावी. फरक दिसल्यास महापालिकेच्या जन्म-मृत्यू नोंदणी विभागात दुरुस्तीचा अर्ज लगेच करावा, कारण त्या वेळी रुग्णालयाची कागदपत्रे हाताशी असतात आणि दुरुस्ती तुलनेने लवकर होते.

कोणते उत्पन्न वडिलांचे आणि कोणते वारसाचे

आर्थिक वर्षाच्या १ एप्रिलपासून मृत्यूच्या दिवसापर्यंतचे उत्पन्न वडिलांच्या पॅनवरील विवरणपत्रात जाते. त्यानंतरचे उत्पन्न, मालमत्ता ज्याच्याकडे आली त्याचे. मृत्युपत्राप्रमाणे वाटप करणारा निष्पादक त्यात नेमलेला असेल आणि वाटप व्हायचे असेल, तर मधल्या काळाचे उत्पन्न निष्पादकाच्या स्वतंत्र विवरणपत्रात दाखवावे लागते. असे असल्यास आम्हाला आधी सांगावे. वडील मार्चनंतर पण विवरणपत्र भरण्याआधी गेले असतील, तर मागच्या पूर्ण वर्षाचे एक आणि नव्या वर्षातील थोड्या दिवसांचे दुसरे, अशी दोन विवरणपत्रे निघू शकतात.

सर्वांत जास्त पैसे ज्या ठिकाणी हातचे जातात ती जागा एका उदाहरणाने पाहू. नौपाड्यात राहणारे ७४ वर्षांचे निवृत्त गृहस्थ १२ नोव्हेंबर २०२४ रोजी वारले. दरमहा ४२,००० रुपयांप्रमाणे सात महिन्यांचे आणि नोव्हेंबरच्या बारा दिवसांचे मिळून त्यांचे निवृत्तिवेतन ३,१०,८०० रुपये झाले. मुदत ठेवींवर दिवसाला सरासरी १,८०० रुपये व्याज होते. १ एप्रिल ते १२ नोव्हेंबर हे २२६ दिवस होतात, म्हणून त्यांच्या हयातीतील व्याज ४,०६,८०० रुपये. उरलेल्या १३९ दिवसांचे २,५०,२०० रुपये त्यांच्या पत्नीचे, कारण नोंदणीकृत मृत्युपत्राने ठेवी त्यांना मिळाल्या आणि निष्पादक नेमलेला नव्हता. बँकेला मात्र निधनाची बातमी एप्रिलमध्ये देण्यात आली, त्यामुळे तिने पूर्ण वर्षाच्या ६,५७,००० रुपये व्याजावर १० टक्क्यांनी ६५,७०० रुपये कर वडिलांच्याच पॅनवर कापला होता.

मुलाने पॅनवर कापलेला कर दाखवणाऱ्या फॉर्म २६एएसमध्ये दिसणारा आकडा जसाच्या तसा घेऊन कच्चा हिशेब केला होता. निवृत्तिवेतन आणि वर्षभराचे व्याज मिळून ९,६७,८०० रुपये, त्यातून ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट गेल्यावर ८,९२,८०० रुपये, आणि नव्या कर पद्धतीत त्यावर उपकरासह सुमारे ४०,८५० रुपये कर. म्हणजे परतावा सुमारे २४,८५० रुपये. योग्य हिशेबात वडिलांचे उत्पन्न वजावटीनंतर ६,४२,६०० रुपये येते. त्या वर्षी नव्या पद्धतीत सात लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला कलम ८७एची सूट होती, त्यामुळे कर शून्य आणि हयातीतील व्याजावर कापलेले ४०,६८० रुपये पूर्ण परत. करमुक्त मर्यादा, प्रमाणित वजावट आणि ही सूट, वडील वर्षातले सात महिनेच हयात होते म्हणून त्या प्रमाणात कमी होत नाही. ती पूर्ण वर्षाइतकीच मिळते. उरलेले २५,०२० रुपये आईच्या विवरणपत्रात गेले. आईचे कुटुंब निवृत्तिवेतन धरूनही त्यांचे उत्पन्न सात लाखांच्या आतच होते, म्हणून तेही परत मिळण्याजोगे ठरले.

ही वाटणी करण्यासाठी फॉर्मची निवड महत्त्वाची असते. निवृत्तिवेतन आणि व्याज एवढेच उत्पन्न असेल तर एरवी आयटीआर-१ पुरतो, पण कापलेल्या कराचा काही भाग दुसऱ्या व्यक्तीच्या नावे वळवण्याची सोय त्यात नाही. आयटीआर-२ मधील टीडीएसच्या, म्हणजे कापलेल्या कराच्या तक्त्यात ती आहे: वडिलांच्या विवरणपत्रात आईचा पॅन आणि तिच्याकडे जाणारी रक्कम लिहायची, आणि आईच्या विवरणपत्रात त्याच आकड्यांची मागणी करायची. दोन्हींतील आकडे रुपयाने जरी वेगळे असले, तरी श्रेय अडकते. बँकेला निधनाची माहिती वेळेवर दिली असती तर ही सगळी यातायात टळली असती.

विवरणपत्र भरताना आधी आपल्या खात्यातून वारसाच्या भूमिकेत जावे, प्रतिनिधीकडून भरले जात असल्याचा पर्याय निवडावा आणि स्वतःच्या आधार ओटीपीने ३० दिवसांच्या आत पडताळणी करावी. वडिलांनी जुन्या पद्धतीच्या वजावटींसाठी गुंतवणूक केली असेल, तर मुदतीत भरणे फार गरजेचे आहे. मुदत उलटल्यावर भरलेल्या विवरणपत्रात जुनी पद्धत निवडता येत नाही.

परतावा खात्यात कसा येतो

पोर्टल परतावा पाठवण्यापूर्वी बँक खात्याचे नाव आणि पॅन जुळतात का, हे तपासते. गाडी बहुधा येथेच अडते. निधनाची नोंद झालेले किंवा बंद केलेले खाते विवरणपत्रात राहिले, तर रक्कम निघून परत जाते आणि परतावा अयशस्वी झाल्याचा शेरा दिसतो. म्हणून वडिलांचे बचत खाते घाईने बंद करू नये, अशी आम्ही विनंती करतो. याचा अर्थ निधन लपवावे असा नाही. मृत खातेदाराच्या नावे नंतर येणाऱ्या रकमांसाठी ‘कै. अमुक यांची मालमत्ता’ अशा नावाचे खाते उघडून त्यात फक्त जमा स्वीकारता येते, असे रिझर्व्ह बँकेने बँकांना २००५ मध्येच कळवले आहे. शाखेत या सोयीची चौकशी अवश्य करावी.

एरवी वारसाने प्रतिनिधीच्या भूमिकेत राहून बँक खात्यांच्या सदरात स्वतःचे खाते नोंदवून पडताळणी होते का ते पाहावे. झाली तर `Services` मधील `Refund Reissue` येथून परतावा पुन्हा पाठवण्याची विनंती करता येते. वडिलांनी हयातीत भरलेल्या विवरणपत्राचा जुना परतावा अडकला असेल, तर त्यालाही हीच वाट लागू आहे. पडताळणी नाकारली गेल्यास दोन कामे एकदमच करावीत: पोर्टलवर तक्रार नोंदवावी आणि वडिलांच्या कर निर्धारण अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज द्यावा. अर्जासोबत मृत्यू दाखला, वारसाचा पुरावा, इतर सर्व वारसांचे ना-हरकत पत्र, हमीपत्र आणि वारसाच्या खात्याचा रद्द केलेला धनादेश जोडावा. हा अधिकारी ठाण्यातीलच असेल असे गृहीत धरू नये. वडील नोकरीनिमित्त पुण्याला किंवा नागपूरला असताना पॅन काढला असेल, तर अधिकारक्षेत्र अजून तिथलेच असू शकते. पोर्टलच्या पहिल्या पानावरील `Know Your AO` येथे वडिलांचा पॅन टाकल्यास ते कळते.

रक्कम एका वारसाच्या खात्यात आली म्हणून ती त्याच्या एकट्याची होत नाही. ती वडिलांच्या मालमत्तेचाच भाग असते आणि बहीण-भावांच्या हिश्शाप्रमाणे वाटावी लागते. परतावा उशिरा मिळाल्यास दरमहा अर्धा टक्का दराने व्याज येते; विवरणपत्र मुदतीत असेल तर ते १ एप्रिलपासून मोजले जाते.

विवरणपत्र भरायचेच राहून गेले आणि उत्पन्नाच्या वर्षानंतरच्या, म्हणजे कर निर्धारण वर्षातील ३१ डिसेंबरही उलटला, तरी परताव्याचा हक्क लगेच संपत नाही. विलंब माफ करण्याचा अर्ज कलम ११९(२)(ब) खाली करता येतो. १ ऑक्टोबर २०२४ च्या परिपत्रकाप्रमाणे तो कर निर्धारण वर्ष संपल्यापासून पाच वर्षांच्या आत करावा लागतो, आणि मागणी एक कोटी रुपयांपर्यंत असल्यास प्रधान आयुक्त किंवा आयुक्त त्यावर निर्णय देतात. विलंबाचे खरे कारण कागदानिशी दाखवावे लागते. निधनापूर्वीचे दीर्घ आजारपण असेल तर रुग्णालयाची कागदपत्रे सांभाळून ठेवावीत.

या पत्रकातील कलमे १९६१ च्या कायद्यातील आहेत. १ एप्रिल २०२६ पासून प्राप्तिकर कायदा, २०२५ लागू होत असला, तरी त्यापूर्वीच्या वर्षांच्या उत्पन्नाला जुनाच कायदा लागू राहतो.

वडिलांचा पॅन रद्द करण्याचा अर्ज परतावा प्रत्यक्ष खात्यात जमा झाल्यावर आणि कोणतीही सूचना प्रलंबित नाही याची खात्री झाल्यावरच करावा. आमच्याकडे पहिल्यांदा येताना पॅन, मृत्यू दाखला, बँकेचे व्याज प्रमाणपत्र आणि आधारशी जोडलेला वारसाचा मोबाइल सोबत आणावा. व्याज प्रमाणपत्र मागताना निधनाच्या तारखेपर्यंतचे आणि त्यानंतरचे व्याज वेगवेगळे दाखवण्यास बँकेला सांगावे.