मनात नसलं तरी शब्द तो शब्दच

“मनापासून दिलं नसेल, तर ते वचनच नव्हे ना?”

वचनच. समजा, दादरचा एक घरमालक म्हणाला, “डिपॉझिट एक तारखेला परत, शब्द देतो.” द्यायचं मनात नव्हतंच. तरी तो बांधला गेला. म्हणून तर भाडेकरू त्याला जाब विचारू शकतो. ‘शब्द देतो’ म्हणणं हीच शब्द देण्याची कृती. ब्रिटिश तत्त्वज्ञ जे. एल. ऑस्टिन यांनी १९५५च्या हार्वर्ड व्याख्यानांत अशा खोट्या वचनाला गैरवापर म्हटलं: कृती घडते, फक्त खोटेपणाने. ‘माफी मागतो’चंही तेच, ऐकणाऱ्याला कितीही राग येवो.

कृती मुळातच फसते ती वेगळ्या कारणाने. सोसायटीच्या वॉचमनने अगदी मनापासून “सभा तहकूब करतो” म्हटलं, तरी सभा चालूच राहते. तो अधिकार अध्यक्षांचा. “मी शब्द दिला होता” ही मात्र कृती नव्हे, नुसती माहिती. ती खोटी ठरू शकते.