एकदा दाबलं, तीनदा मोजलं

बटण दाबल्यावर आकडा एकाने वाढवणारं सर्किट जोडलं. बटण एकदाच दाबलं, आणि डिस्प्लेवर शून्याचे थेट तीन झाले! वायरी तपासल्या, आयसी बदलला, तरी तेच. दोष बटणाच्या आतल्या पत्र्यात असतो. दाबल्यावर तो धातूच्या टोकावर आपटतो आणि फरशीवर पडलेल्या चेंडूसारखा काही वेळा उसळतो. हे सगळं साधारण काही मिलिसेकंदांत आटोपतं. आपल्याला ते जाणवतही नाही, पण काउंटर प्रत्येक टेकणं इमानेइतबारे मोजतो.

बटणाला तीन पाय असतील, तर एसआर लॅच हा मला सगळ्यात देखणा उपाय वाटतो. दोन नँड गेट घ्यायची आणि प्रत्येकाचं आउटपुट दुसऱ्याच्या इनपुटला द्यायचं. बटणाचा मधला पाय ग्राउंडला, बाजूचे दोन लॅचच्या उरलेल्या दोन इनपुटना, आणि त्या दोन्हींना १० किलोओहमचा पुलअप रेझिस्टर. पत्रा वरच्या टोकापासून सुटून खाली निघाला की वाटेत तो कुठेच टेकलेला नसतो. दोन्ही इनपुट १ असतात आणि लॅच जुनीच स्थिती धरून बसतो. खालच्या टोकाला पहिला स्पर्श होताच आउटपुट पालटतं. नंतर पत्रा उसळला, तरी पुन्हा दोन्ही इनपुट १ होतात, म्हणजे लॅच जागचा हलत नाही. त्याला मागे फिरवायचं तर पत्र्याने थेट वरच्या टोकापर्यंत उडी मारायला हवी, आणि उसळी तेवढी मोठी नसते. म्हणून इथे थांबावं लागतच नाही.

मात्र नेहमीच्या छोट्या टॅक्ट स्विचला टोकांची एकच जोडी असते. लॅचला परत फिरवणारं दुसरं टोक त्यात नाही. मग पत्रा किती वेळ स्थिर आहे, हे मोजावं लागतं. दर मिलिसेकंदाला इनपुट बघायचं. ते सध्याच्या आउटपुटपेक्षा वेगळं असेल तर मोजणी एकाने वाढवायची, सारखं असेल तर शून्यावर आणायची. मोजणी दहावर पोचली की आउटपुट बदलायचं आणि पुन्हा शून्यापासून सुरुवात.

समजा, आउटपुट १ आहे आणि बटण दाबलं. पहिल्या दोन ठोक्यांना इनपुट ० दिसलं, मोजणी दोनवर. तिसऱ्याला उसळी, मोजणी शून्य. चौथ्याला ०, मोजणी एक. पाचव्याला पुन्हा उसळी, परत शून्य. सहाव्यापासून इनपुट सलग ० राहिलं, तर पंधराव्या ठोक्याला दहा भरतात आणि आउटपुट एकदाच बदलतं. बटणाला क्लॉकची वेळ माहीत नसते, म्हणून त्याचा सिग्नल आधी एकामागोमाग दोन डी फ्लिपफ्लॉपमधून न्यावा.

दहा हा आकडा मात्र पवित्र नाही. ऑसिलोस्कोप सिंगल मोडवर ठेवून आपलं बटण पंधरावीस वेळा दाबून पाहा आणि सगळ्यात लांबलेल्या उसळीच्या दुप्पट वेळ ठेवा. बटण सोडतानाची उसळीही तपासा, कारण बोट उचलल्यावर आकडा वाढत असेल तर चूक तिथेच असते.