कामाचे तुकडे पाडणे

जे काम करायचेच आहे, पण ज्याला हातच घालवत नाही, त्यातून काही मिनिटांत संपेल एवढाच तुकडा काढून तेवढाच करण्याची ही रीत आहे. मानसोपचारात ती जुनी आहे. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ ॲरन बेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1979 साली नैराश्याच्या उपचारांवर जे पुस्तक लिहिले, त्यात रुग्णाला चढत्या क्रमाने कामे देण्याची पद्धत सांगितली आहे: आधी हमखास जमेल असे काम द्यायचे, ते जमले की त्याहून थोडे मोठे. बेक यांचा रोख एका समजुतीवर होता. ‘मला काहीच जमणार नाही’ असे मानणाऱ्याला समजावून उपयोग होत नाही. त्याच्या हातून काहीतरी झालेलेच त्याला दिसावे लागते.

घरातले माणूस अशा वेळी ‘आळस’ म्हणून मोकळे होते आणि कोल्हापुरात वर ‘करूया की निवांत’ हे उत्तर तयारच असते. पण अडकलेला माणूस निवांत नसतो. त्याच कामाच्या धास्तीने तो इतर चार कामे उरकत असतो. काम टाळले की तेवढ्यापुरते बरे वाटते आणि त्या बरे वाटण्यामुळेच टाळण्याची सवय पक्की होते.

करवीर तालुक्यात वडिलोपार्जित शेती असलेल्या आणि शिवाजी पेठेत राहणाऱ्या एखाद्या गृहस्थाचे उदाहरण घेऊ. वडील जाऊन वर्ष झाले, सातबारावर वारसांची नावे लागलेली नाहीत. डायरीत दर महिन्याला ‘वारस नोंद’ एवढेच दोन शब्द लिहिले जातात. मेख इथेच आहे. ‘वारस नोंद’ हे काम नव्हे, ते पुष्कळ कामांच्या शेवटी मिळणारे फळ आहे. त्यासाठी मृत्यूचा दाखला, सगळ्या वारसांची नावे, वये व पत्ते, प्रतिज्ञापत्र आणि तलाठ्याकडे अर्ज एवढे लागते. मग फेरफार धरला जातो. डायरी उघडली की हे सगळे एकदम अंगावर येते.

पहिला तुकडा असा लिहावा लागतो: ‘माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली आण.’ यात क्रियापद आहे, वस्तू आहे, जागा आहे आणि काम कधी संपले ते डोळ्यांना दिसते. पेटी उघडायची नाही. ‘कागदपत्रे बघणे’ हा तुकडा होत नाही, कारण बघणे कुठे संपते ते कुणालाच सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी पेटी उघडून दहा मिनिटे कागद लावायचे ठरते, आणि तिथे गाडी अडते. वर साखर कारखान्याचे ऊस बिल, त्यावर वडिलांची सही. हात थांबतो, पेटी बंद होते. याला मनाचा कमकुवतपणा म्हणण्यात अर्थ नाही. तुकडा मोठा पडला, एवढेच. कागद शोधणे आणि वडिलांची आठवण सोसणे अशी दोन कामे त्यात होती. मग तुकडा बदलायचा: ज्या कागदावर गट नंबर आहे तो उजवीकडे, बाकी सगळे न वाचता परत पेटीत. बहीण शेजारी बसली तर आणखी सोपे. तुकडा मोठा झाल्याची खूण साधी असते. कामाला बसायच्या वेळी एकदम चहाची तलफ येते, नाहीतर गाडी पुसायची आठवण होते. तसे झाले की त्याच तुकड्याचा अर्धा करायचा.

उलट चूकही होते, आणि ती हुशार माणसे जास्त करतात. सगळ्या कामाचे साठ तुकडे करून, रंगीत पेनने यादी लिहून काढायची. यादी सुबक होते, पेटी माळ्यावरच राहते. पुढचे दोन-तीन तुकडे लिहिले की पुरे, कारण त्यापलीकडचे बहुतेक तुकडे पहिला कागद हाती आल्यावर बदलतातच. तुकड्याला वेळेची खुंटी मारली तर तो टिकतो: ‘सकाळी दूध तापवून झाले की बहिणीला फोन करून वारसांची वये लिहून घेईन.’ अशा ‘अमुक झाले की तमुक’ बेतांचा अभ्यास मानसशास्त्रज्ञ पीटर गोलवित्झर यांनी केला आहे. नुसत्या इराद्यापेक्षा असे बेत अधिक पार पडतात.

झोप, भूक आणि रोजचे उठणे-बसणेही दोन आठवड्यांहून जास्त बिघडले असेल, तर घरच्या घरी तुकडे पाडत बसू नये, डॉक्टरांना दाखवावे. सरकारची ‘टेलि-मानस’ ही मोफत सेवा 14416 या क्रमांकावर मराठीतही बोलते.

जे दुसऱ्याच्या हातात आहे, त्याचे मात्र तुकडे पडत नाहीत. अर्ज दिल्यावर नोटीस निघते, हरकतीची मुदत जाते, मग मंडल अधिकारी नोंद मंजूर करतात. या काळात अर्जदाराच्या वाट्याला एकच तुकडा उरतो: अर्जाची पोच पेटीत सगळ्यात वर ठेवणे आणि मुदत संपते ती तारीख कॅलेंडरवर लिहिणे.