व्यवसाय आराखड्याची मांडणी

तीस-चाळीस पानांचा व्यवसाय आराखडा वाचणाऱ्याला हवा तो आकडा चटकन सापडावा, यासाठी मथळे, तक्ते आणि आलेख यांची केलेली रचना. ठाणे-नवी मुंबईच्या औद्योगिक पट्ट्यात हाच दस्तऐवज बहुधा 'प्रोजेक्ट रिपोर्ट' म्हणून ओळखला जातो आणि त्याचा पहिला वाचक बँकेचा कर्ज अधिकारी असतो. तो आराखडा पहिल्या पानापासून ओळीने वाचत नाही. प्रकल्पाला किती खर्च येणार, मालक स्वतःचे किती घालणार आणि हप्ता फिटेल का, एवढे तो आधी शोधतो. मांडणी याच क्रमाने करावी.

मथळे

'आर्थिक बाबी' हा मथळा पानावर काय आहे ते सांगतो, त्यातून काय निघाले ते सांगत नाही. त्याऐवजी 'पहिल्या वर्षापासून हप्ता नफ्यातून फिटतो' असे लिहिले, तर नुसते मथळे वाचूनही मुद्दा कळतो. मथळ्यांच्या दोन पातळ्या पुरतात. तिसरी लागली तर बहुतेक वेळा प्रकरणच फोडायला हवे असते.

देवनागरीत मोठी अक्षरे नसल्याने मथळा उठून दिसतो तो आकार, जाडी आणि मोकळी जागा यांमुळे. मजकूर १२ पॉइंटचा असेल तर मथळा १५-१६ पॉइंटचा ठेवावा. मथळ्याच्या वर जागा जास्त व खाली कमी हवी. दोन्हीकडे सारखी असेल, तर तो वरच्या परिच्छेदाचा की खालच्या, हे डोळ्याला ठरवता येत नाही. वेलांटी, रफार आणि उकार एकमेकांत अडकू नयेत म्हणून ओळींमधले अंतरही इंग्रजी मजकुरापेक्षा थोडे जास्त लागते.

मथळे हाताने ठळक करू नयेत, वर्डमधली 'Heading 1', 'Heading 2' ही शैली लावावी. अनुक्रमणिका त्यावरूनच आपोआप तयार होते. मात्र छापण्याआधी ती अद्ययावत करावी लागते. ते राहिले की अनुक्रमणिकेत पान १४ आणि प्रत्यक्षात १७, हा नेहमीचा घोळ होतो.

तक्ते

उदाहरणादाखल रबाळ्यातल्या एका गाळ्यात सीएनसी जॉबवर्क सुरू करण्याचा कल्पित प्रकल्प घेऊ. खर्च ८० लाख, स्वतःचे २० लाख, मुदत कर्ज ६० लाख. व्याज १० टक्के, परतफेड पाच वर्षे. हिशेब सोपा राहावा म्हणून दर वर्षाअखेर १२ लाख मुद्दल फेडले जाते असे धरले आहे. पहिल्या तीन वर्षांचा तक्ता असा होईल:

| लाख रुपये | वर्ष १ | वर्ष २ | वर्ष ३ |
|---|---:|---:|---:|
| करोत्तर नफा | ६.९ | ११.३ | १४.२ |
| घसारा | ८.७ | ७.४ | ६.३ |
| कर्जावरील व्याज | ६.० | ४.८ | ३.६ |
| हाती असलेली रक्कम | २१.६ | २३.५ | २४.१ |
| मुद्दल व व्याज | १८.० | १६.८ | १५.६ |
| डीएससीआर | १.२० | १.४० | १.५४ |

एकक एकदाच, कोपऱ्यात आहे. आकडे उजवीकडे टेकवलेले आहेत आणि शेवटची ओळ सोडून सगळ्या रकमांची दशांश स्थळे सारखी आहेत, म्हणून त्यांची दशांशचिन्हे एकाखाली एक येतात. ती तशी येत नसतील, तर निवडलेल्या फाँटमध्ये अंकांची रुंदी असमान असते. फाँट बदलणे हा सोपा उपाय. उभ्या रेघांची गरज नाही, बेरजेच्या वर एक आडवी रेघ पुरते.

शेवटच्या ओळीतला डीएससीआर म्हणजे कर्ज फेडण्याची क्षमता दाखवणारे गुणोत्तर: हाती असलेली रक्कम भागिले मुद्दल व व्याज. भागाकाराचे दोन्ही आकडे तिच्या लगेच वर असल्याने अधिकाऱ्याला गणित तिथल्या तिथे पडताळता येते. ते दुसऱ्या पानावर असते तर त्याने पेन्सिलने प्रश्नचिन्ह काढून पुढे पान उलटले असते.

सर्वात महागात पडते ती एककांची सरमिसळ: एका तक्त्यात रुपये, दुसऱ्यात लाख. त्याखालोखाल एक्सेलचा बारा महिन्यांचा तक्ता चित्र म्हणून आकसून चिकटवणे. असा तक्ता आडव्या पानावर परिशिष्टात द्यावा आणि मुख्य मजकुरात वार्षिक बेरजा ठेवाव्यात. तक्ता दोन पानांवर गेला तर 'Repeat Header Rows' लावावे, नाहीतर दुसऱ्या पानावर कुठला रकाना कुठल्या वर्षाचा ते कळत नाही.

आलेख

खर्चाच्या विभागणीचा वर्तुळालेख बहुधा वाया जातो. पाच आकडे तक्त्यात जास्त स्पष्ट दिसतात. आलेख खरा कामाला येतो तो महिन्यागणिक रोख शिल्लक दाखवताना. जॉबवर्कचे पैसे दोन-तीन महिन्यांनी हाती येतात, पगार आणि भाडे मात्र दरमहा जाते. त्यामुळे वर्षभराचा नफा चांगला असूनही पाचव्या महिन्यात शिल्लक तळाला जाऊ शकते. वार्षिक तक्त्यात तो खड्डा दिसत नाही, रेषालेखात दिसतो. त्या बिंदूवरच आकडा लिहावा आणि शून्याची रेघ ठळक काढावी.

रंगांच्या सूचीवर विसंबू नये. फाइलमध्ये बऱ्याचदा काळी-पांढरी झेरॉक्स जाते आणि तिच्यात लाल व हिरवी रेघ एकसारखीच करडी दिसते. नाव रेघेच्या टोकाशी लिहावे आणि एक रेघ तुटक ठेवावी. आराखडा देण्याआधी आलेखाच्या पानाची एक झेरॉक्स काढली की हा दोष लगेच लक्षात येतो.