फुगे-बाटलीची फुप्फुस-प्रतिकृती

श्वास घेताना हवा आत कशी येते हे दाखवण्यासाठी प्लॅस्टिकची बाटली आणि फुगे वापरून केलेली प्रतिकृती. एनसीईआरटीच्या सातवीच्या जुन्या विज्ञान पुस्तकात श्वसनाच्या पाठात ही कृती होती. यात बाटली म्हणजे छातीची पोकळी, झाकणातून आत गेलेली वाय आकाराची नळी म्हणजे श्वासनलिका आणि तिच्या दोन शाखा, शाखांना बांधलेले फुगे म्हणजे फुप्फुसे. बाटलीचा तळ कापून तिथे मोठ्या फुग्याचे रबर ताणून बसवतात, ते श्वासपटल.

नळी आणि झाकण यांच्यातली फट एम-सीलने पूर्ण बुजवावी लागते. बाटली जाड हवी. पाण्याची पातळ बाटली घेतली, तर रबर ओढताच तिच्या बाजू आत दबतात आणि फुगे जेमतेम हलतात. आतले फुगेही आधी एक-दोनदा फुगवून सैल करावेत, कारण कोरे रबर ताठ असते.

रबर खाली ओढले की बाटलीतली जागा वाढते, आतल्या हवेचा दाब कमी होतो आणि बाहेरची हवा नळीवाटे फुग्यांत शिरते. रबर सोडले की फुगे मिटतात. हवा शिरते म्हणून छाती फुगते, अशी मुलांची पक्की समजूत असते. प्रत्यक्षात आधी छाती मोठी होते, मग हवा येते. म्हणूनच नळीत कोणाला फुंकू देऊ नये: फुंकल्यानेही फुगे फुगतात आणि चुकीची समजूत आणखी घट्ट होते.

सगळ्यात बोलका प्रयोग शेवटी करावा. तापवलेल्या खिळ्याने शिक्षकाने बाटलीच्या बाजूला भोक पाडावे आणि रबर ओढावे. आता हवा भोकातून थेट बाटलीत येते, फुगे लोंबतच राहतात. रबर पूर्ववत सोडून भोकावर बोट दाबले आणि पुन्हा ओढले, की फुगे फुगतात. छातीला आरपार जखम झाली की फुप्फुस का मिटते, हे इथे समोर दिसते.

प्रतिकृतीत काही गोष्टी मात्र चुकीच्या दिसतात आणि त्या वर्गात बोलून दाखवाव्या लागतात. खरे श्वासपटल आधी वर घुमटासारखे असते आणि श्वास घेताना सपाट होत खाली येते. इथले रबर आधी सपाट असते आणि खाली फुगते. मुले आकृतीतही मग तसेच काढतात. बाटलीच्या भिंती स्थिर राहतात, बरगड्या मात्र वर आणि बाहेर सरकतात. स्वतःच्या बरगड्यांवर तळवे ठेवून दीर्घ श्वास घेतला की हे जाणवते. बाटलीत फुग्यांभोवती भरपूर हवा असते, शरीरात फुप्फुस आणि छातीची भिंत यांच्यामध्ये द्रवाचा केवळ पातळ थर असतो. फुगा पोकळ पिशवी आहे. फुप्फुस असंख्य वायुकोशांनी भरलेले, स्पंजासारखे असते. शिवाय फुगा पूर्ण रिकामा होतो. प्रौढ माणसाने नेहमीसारखा श्वास सोडला, तरी फुप्फुसांत साधारण 2 लिटरहून जास्त हवा उरते.