मेम्ब्रेन अस्सल आहे का? फोटो पाठवण्यापूर्वी हे पाहावे

आरओ यंत्रात वेळोवेळी बदलाव्या लागणाऱ्या भागांपैकी सर्वांत महागडा भाग म्हणजे मेम्ब्रेन, आणि "हा ओरिजिनल आहे का, फोटो पाहून सांगा" अशी विचारणा आमच्याकडे बहुधा याच भागाबद्दल होते. आधी एक खुलासा करणे आवश्यक आहे. दुसऱ्या कंपनीने स्वतःच्या नावाने विकलेले, तुमच्या यंत्रात बसणारे मेम्ब्रेन म्हणजे नक्कल नव्हे. एका कंपनीचे नाव आणि लेबल लावून भलत्याच कोणी भरलेला माल, किंवा वापरलेले मेम्ब्रेन धुऊन नव्या पिशवीत घातलेला माल, यालाच आम्ही नक्कल म्हणतो.

फोटो दिवसाच्या उजेडात, फ्लॅश बंद ठेवून काढावा, कारण चकचकीत पिशवीवर फ्लॅश पडला की नेमकी सीलची रेघ दिसेनाशी होते. व्हॉट्सअॅपवर तो साधा फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवावा, अन्यथा बारीक छपाई पुसट होते आणि चांगल्या मालावरही उगीच शंका येते. यंत्रातून काढलेले जुने, खात्रीचे मेम्ब्रेन घरात असेल तर ते नव्याच्या शेजारी ठेवून एकच फोटो काढावा. तुलनेसाठी याहून चांगले साधन नाही.

मागील पावसाळ्यात गंगापूर रोडवरील एका ग्राहकांनी स्वतःसाठी आणि सिडकोतील बहिणीसाठी एकाच वेळी दोन मेम्ब्रेन बाहेरून मागवली आणि दोन्ही खोक्यांचे फोटो आम्हाला पाठवले. खोकी देखणी होती, कंपनीचे चिन्हही बरोबर होते. मात्र दोन्ही खोक्यांवरचा सिरियल नंबर शेवटच्या अंकापर्यंत एकच होता. बॅच नंबर एकाच वेळी तयार झालेल्या अनेक नगांवर सारखा असू शकतो आणि त्यात काही वावगे नाही; सिरियल नंबर मात्र प्रत्येक नगाचा वेगळा असतो. शिवाय उत्पादनाचा महिना आणि किंमत ही बहुधा तयार लेबलवर नंतर, वेगळ्या शाईने उमटवली जाते, त्यामुळे ती किंचित तिरपी किंवा फिकट दिसते. येथे ती बाकीच्या मजकुराच्याच शाईत, दोन्ही खोक्यांवर तंतोतंत एकाच जागी होती. एक खरे लेबल स्कॅन करून त्याच्या प्रती काढल्या की असे होते, आणि फोटो मोठा करून पाहिल्यास बारीक अक्षरांच्या कडाही फुटलेल्या दिसतात.

मग आम्ही पिशवीचा आणि मेम्ब्रेनच्या दोन्ही टोकांचा फोटो मागवला. कारखान्यात यंत्राने बंद केलेल्या पिशवीची सील एकसारख्या रुंदीची, सरळ असते. यांच्या एका पिशवीवर दोन रेघा होत्या, एक सरळ आणि तिच्या आतल्या बाजूला दुसरी नागमोडी, म्हणजे पिशवी उघडून पुन्हा चिकटवली असावी. घरगुती मेम्ब्रेनच्या एका टोकाला शुद्ध पाण्याच्या नळीवर दोन छोट्या ओ-रिंग असतात आणि दुसऱ्या टोकाकडे भोवताली रबरी सीलची ओठासारखी कड असते. नव्या मेम्ब्रेनच्या ओ-रिंग गोल, फुगीर असतात. यांच्या ओ-रिंग एका बाजूने चपट्या झालेल्या होत्या आणि टोकाच्या जाळीवर तपकिरी झाक होती. हा नग कोणाच्या तरी यंत्रात बरेच दिवस राहिलेला होता, असे आम्ही त्यांना स्पष्ट सांगितले; विकणाऱ्याने सुरुवातीला टाळाटाळ केली, पण हेच फोटो पाहिल्यावर दोन्ही नग परत घेतले.

फोटोवरून शंका घेता येते, खात्री देता येत नाही. कंपन्या वेष्टनाची रचना बदलतात, त्यामुळे केवळ रंग वेगळा दिसला म्हणून माल खोटा ठरत नाही. उलट अस्सल खोक्यात जुना नग घातलेला असू शकतो, म्हणून खोक्यावरचा आणि आतल्या लेबलवरचा नंबर जुळवून पाहावा. उत्पादक किंवा आयातदाराचे नाव व पत्ता, उत्पादनाचा महिना व वर्ष, सर्व करांसहित कमाल किरकोळ किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क हे वेष्टनावर असणे नियमाने बंधनकारक आहे. यांपैकी काही नसेल तर पुढचे तपासायची फारशी गरजच उरत नाही.

बसवल्यानंतर पाण्यात विरघळलेले क्षार मोजणाऱ्या टीडीएस मीटरने आणखी एक पडताळणी होते. समजा, बोअरच्या पाण्याचा टीडीएस ५०० आहे. शुद्ध पाण्यात थोडे मूळ पाणी मिसळणारा टीडीएस कंट्रोलर पूर्ण बंद ठेवून आणि सुरुवातीची एक-दोन टाकी पाणी सोडून दिल्यावर चांगल्या मेम्ब्रेनमधून येणारे पाणी साधारण ५० किंवा त्याहून कमी दाखवते. ते २०० दाखवत असेल तर आधी ओ-रिंग नीट बसली आहे का ते पाहावे, कारण ती दुमडली तरी आकडा असाच चढतो, आणि त्यानंतरच मेम्ब्रेनवर संशय घ्यावा. महापालिकेच्या पाण्याचा टीडीएस मुळातच कमी असल्यास हा फरक इतका ठळक दिसत नाही.

जुने मेम्ब्रेन कोणी पुन्हा नवे म्हणून विकू नये, यासाठी ते टाकताना त्यावरचे लेबल ब्लेडने आडवे कापावे आणि खोके फाडावे. आमचा माणूस जुना भाग काढून नेत असेल तर हे काम त्याच्याकडून तुमच्यासमोर करून घ्यावे.