टेरेसवर सिंगल-प्लाय शीट घालताय? आधी जोड कसा मारतात ते बघा

नमस्कार मंडळी. मे महिना उजाडला की आमचा फोन थांबत नाही, आणि प्रत्येकाचा प्रश्न एकच असतो, "तीनपैकी कुठली शीट चांगली?" मालवणचे एक काका मात्र वेगळं बोलले. सॅम्पल हातात घेतलं, वाकवून बघितलं आणि म्हणाले, "ह्या सगळा बरा, पण पाणी येतला खयसून, ता आधी सांगा." खरा प्रश्न हाच आहे. शीटच्या मधोमध पाणी सहसा शिरत नाही, ते शिरतं जोडातून, कोपऱ्यातून आणि पाईपच्या बुडातून, म्हणून हे माहितीपत्रक आम्ही जोडापासून सुरू करतोय.

सिंगल-प्लाय म्हणजे एकच थर. डांबरी शीटसारखे दोन-तीन थर एकावर एक नाहीत, दीड मिलिमीटरच्या आसपासची एकच चादर. खाली दुसरा थर नसल्यामुळे जोड चुकला की चूक थेट स्लॅबमध्ये उतरते. बाजारात मुख्य तीन प्रकार मिळतात. ईपीडीएम म्हणजे काळं रबर, पीव्हीसी म्हणजे मऊ केलेलं प्लास्टिक आणि टीपीओ म्हणजे रबर नि प्लास्टिकच्या मधलं, बहुतेक पांढरं.

पीव्हीसी आणि टीपीओचा जोड गरम हवेने वितळवून मारतात. एका शीटची कड दुसरीवर साधारण १० सेंमी चढवायची, मधल्या फटीत मशीनची गरम हवा सोडायची आणि मागून रोलर दाबत न्यायचा, की दोन्ही कडा वितळून एकजीव होतात. चाकांवर चालणारं ऑटोमॅटिक मशीन साधारण ४ सेंमी रुंदीचा जोड मारतं, कोपऱ्यात आणि पाईपभोवती मात्र हातातली गन आणि छोटा सिलिकॉनचा रोलर लागतो. इथे गोंद नाही की टेप नाही, त्यामुळे नीट मारलेला जोड शीटइतकाच मजबूत असतो.

ईपीडीएमचं तसं नाही. ते टायरसारखं आधीच पक्कं झालेलं रबर आहे, गरम केलं तर जळेल पण वितळणार नाही. त्याला कड साफ करून प्रायमर लावायचा, प्रायमर सुकला की दोन्ही बाजूंनी चिकटणारी सीम टेप बसवायची आणि रोलरने जोरात दाबायची. आपल्याकडे गडबड होते ती इथेच. हवेत दमटपणा असतो, प्रायमरमधलं सॉल्व्हंट उडताना पृष्ठभाग गार पडतो आणि त्यावर डोळ्यांना दिसणार नाही इतपत दंव धरतं, वर टेप बसते पण रबराला धरत नाही. म्हणून हिवाळ्यातसुद्धा सकाळी दव पूर्ण उडाल्याशिवाय आम्ही ईपीडीएमच्या जोडाला हात लावत नाही, ग्राहक कितीही घाई करोत.

पण ईपीडीएमची एक मोठी जमेची बाजू म्हणजे त्याच्या चादरी खूप रुंद मिळतात, अगदी १५ मीटरपर्यंत. म्हणजे साध्या चौकोनी टेरेसवर मधे जोडच नाही! टीपीओ-पीव्हीसीचे रोल मात्र आम्हाला बहुतेक २ मीटर रुंदीचेच मिळतात.

मालवणच्या त्याच काकांचं टेरेस घ्या. खाली होमस्टे, टेरेस १२ मीटर लांब आणि ९.६ मीटर रुंद, वर जुनी डांबरी शीट जागोजागी फुगलेली. २ मीटरचे पाच पट्टे टाकायचे तर १० सेंमीच्या चढणीसकट बरोबर ९.६ मीटर होतात, मधे चार जोड, प्रत्येकी १२ मीटर, म्हणजे ४८ मीटर. शिवाय चारी बाजूंनी कठड्यावर चढणारी पट्टी, ती आणखी ४३ मीटर. मिनिटाला दोन-अडीच मीटर वेगाने मशीन चाललं तर मधले ४८ मीटर अर्ध्या तासात उरकतात, हे ऐकून काका म्हणाले मग दोन दिवस कशाला सांगता. दोन दिवस कठड्याला, टाकीच्या चार पिलरना, सोलर हीटरच्या पाईपना आणि पाण्याच्या दोन आउटलेटना जातात, तिथे सगळं हाताने. ईपीडीएम घेतलं असतं तर ४८ मीटर वाचले असते, हाताचं काम वाचलं नसतं, आणि कठड्यावरच्या कडेसकट ती एकच चादर सव्वादोनशे किलोच्या आसपास भरली असती. ती त्या अरुंद जिन्याने वर न्यायची कशी हा वेगळाच प्रश्न.

तरी वजनावरून आम्ही निर्णय घेतला नाही. काकी टेरेसवर बांगडे वाळवतात. माशाचं तेल, किचनच्या एक्झॉस्टमधून येणारं फोडणीचं तेल, जनरेटरचं डिझेल हे ईपीडीएमला चालत नाही, रबर फुगतं आणि मऊ पडतं. म्हणून ते बाद. साधी पीव्हीसी शीट जुन्या डांबरावर थेट टाकता येत नाही, कारण पीव्हीसीला मऊ ठेवणारं प्लास्टिसायझर डांबर ओढून घेतं, मधे जिओटेक्स्टाइल नावाचं जाड कापड लागतंच. म्हणून मागे फ्लीस म्हणजे नमद्यासारखं मऊ कापड असलेली टीपीओ घेतली, फुगलेलं डांबर कापून काढलं, खड्डे भरले आणि फोमच्या अ‍ॅडहेसिव्हने चिकटवली. स्लॅबला भोकं पाडून स्क्रूने ठोकायची पद्धतही आहे पण घराच्या स्लॅबला शेकडो भोकं पाडणं आम्हाला पटत नाही. कठड्यावरची वरची कड मात्र अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीने आवळायची म्हणजे आवळायचीच. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्यावर आलं तेव्हा लोकांचे पत्रे कसे गेले ते रायगडवाल्यांना सांगायला नको, शीटही तशीच कडेतून वारा आत शिरला की उचलली जाते.

आता जोड नीट झालाय हे कळतं कसं? रोज काम सुरू करायच्या आधी, आणि दुपारी ऊन चढलं की परत, आम्ही त्याच शीटच्या दोन तुकड्यांवर ट्रायल जोड मारतो. तो गार होऊ द्यायचा, इंचभर रुंद पट्टी कापायची आणि हाताने ओढून सोलायची. शीटचा वरचा थर फाटून आत बसवलेली धाग्यांची जाळी दिसली तर सेटिंग बरोबर. दोन थर गुळगुळीत सुटले तर जोड थंड बसलाय, तापमान वाढवा नाहीतर वेग कमी करा. कडेला तपकिरी डाग आणि धूर म्हणजे जाळलंय. काम झाल्यावर सगळे जोड गार पडले की बोथट टोकाची सळई कडेने दाबत शेवटपर्यंत फिरवायची. जिथे टोक आत घुसलं तिथे खूण करायची आणि परत मारायचं. हे तुमच्यासमोर करायला लावा, आमच्याकडून असो नाहीतर दुसऱ्या कुणाकडून.

सांगायला लाज वाटते, पण ही गोष्ट आमच्याकडूनच घडलेली आहे. एका गावात काम चालू असताना शेजारच्या वाडीत पंप सुरू झाला आणि व्होल्टेज पडलं. मशीन चालत राहिलं, जोड वरून अगदी छान दिसत होता, सळई फिरवली तेव्हा दोन मीटरभर ती सरळ आत जात होती. मोठं मशीन साडेचार किलोवॅटपर्यंत ओढतं, म्हणजे २० अँपियर, घरातल्या १५ अँपियरच्या प्लगवर लांबलचक एक्स्टेन्शन टाकून ते धड चालत नाही. तेव्हापासून जनरेटर आम्ही आमचाच आणतो, तेवढं भाडं कोटेशनमध्ये दिसलं तर रागावू नका.

उन्हाचं बोलू. काळ्या ईपीडीएममध्ये कार्बन ब्लॅक म्हणजे काजळी असते, ती अतिनील किरण स्वतः पिते आणि रबराला वाचवते, म्हणून नुसतं ऊन बघितलं तर तिघांत हे सगळ्यात चिवट. पण मे महिन्यात दुपारी त्याचा पृष्ठभाग सत्तर अंशांच्या पुढे जातो, खालच्या खोलीत झोपणाऱ्याला ते कळतं. वर्षं गेली की हे रबर थोडं आकसतं आणि कठड्याच्या कोपऱ्यात तंबूसारखं ताणून उभं राहतं, तिथे पाय पडला तर फाटतं.

पीव्हीसी उन्हाने आणि उष्णतेने आपलं प्लास्टिसायझर हळूहळू गमावते, मग कडक होते आणि आकसते. अमेरिकेत सुरुवातीच्या, आत जाळी नसलेल्या पीव्हीसी शीट थंडीत काचेसारख्या तडकल्या होत्या, म्हणून आज जाळी नसलेली शीट स्वस्तात मिळाली तरी टेरेसवर घालू नका. टीपीओ तिथे १९९० च्या दशकात आली, तिच्याही काही सुरुवातीच्या मिश्रणांना कडक उन्हात भेगा पडल्या. त्यात प्लास्टिसायझर नाही, सगळी भिस्त आत मिसळलेल्या, उन्हापासून वाचवणाऱ्या स्टॅबिलायझरवर, ते संपले की वरचा थर खडूसारखा सुटू लागतो आणि वाकलेल्या जागी बारीक भेगा येतात.

म्हणून एकूण जाडी विचारून थांबू नका, जाळीच्या वर किती जाडी आहे ते विचारा. ऊन खातं ते फक्त वरचं पापुद्र्याएवढं प्लास्टिक. टीपीओच्या अमेरिकन स्टँडर्डमध्ये, एएसटीएम डी ६८७८ मध्ये, जाळीच्या वर किमान ०.३८ मिमी मागितलंय. डेटाशीटमध्ये हा आकडाच नसेल तर दुकानदाराकडून कंपनीला फोन लावून घ्या.

पांढरी शीट गार राहते हे खरं, पण कोकणात दुसऱ्या पावसाळ्यानंतर तिच्यावर शेवाळ काळं धरतं आणि गारवा बराच कमी होतो. दिवाळीनंतर मऊ ब्रश, साबणाचं पाणी, बस. तारेचा ब्रश किंवा जोराचा प्रेशर पंप जोडावर मारू नका.

पाणी साचत असेल तर आधी उतार द्या, मीटरला निदान एक सेंमी. वितळवलेला जोड साचलेल्या पाण्यात टिकतो, टेपचा जोड महिनोन्‌महिने बुडालेला ठेवणं आम्हाला आवडत नाही.

एक गोष्ट लोक विचारतच नाहीत. समजा आठ-दहा वर्षांनी तुम्हाला नवीन पाईप काढायचाय. ईपीडीएम साफ करून प्रायमर-टेपने पॅच बसतो. पीव्हीसी धुवून, पुसून बहुतेक वेळा परत वितळते. जुनी टीपीओ मात्र नुसती पुसून जोड धरत नाही, उन्हाने मेलेला वरचा थर आधी घासून आणि क्लीनरने काढावा लागतो, आणि तरीही ट्रायल जोड मारूनच पुढे जायचं. प्लंबरने घाईत सिलिकॉन फासून ठेवलं तर नंतर आम्हालाही तिथे जोड मारता येत नाही, म्हणून भोक पाडायच्या आधी फोन करा. आणि काम संपल्यावर उरलेला मीटर-दीड मीटरचा तुकडा आम्ही देऊन जातो, तो माळ्यावर सावलीत गुंडाळून ठेवा, घडी घालू नका, नि मासे वाळवायला तर मुळीच काढू नका.